शून्यावर संपणारे पगार

नवरा गेल्यानंतर सत्तावीस दिवसांनी मी कामावर परत गेले. आमच्या दोघांचा कारखाना एकच. अलिबागहून रेवसकडे जाताना खाडीच्या अंगाला मासळी गोठवण्याचा एक कारखाना आहे, तिथे तो कॉम्प्रेसरवर होता आणि मी पगाराच्या टेबलावर. लग्नाआधीपासून मी त्याचा पगार काढत होते. चौदा वर्षं त्याची ओळ माझ्या तक्त्यात एकोणसाठाव्या नंबरवर होती.

मी रजेवर असताना मुंबईच्या ऑफिसातल्या एका मुलीने पगार केले. तिने मागच्या महिन्याचा तक्ता उघडला, हजेरी बदलली आणि बँकेला यादी पाठवली. त्याची ओळ मात्र तिने भरली नव्हती. तेवढी पिवळी करून ठेवली होती. आमच्या हिशेबनीसांनी मला फोनवर विचारलं होतं, "ताई, त्यांचा शेवटचा हिशोब आम्ही करू, की तुम्ही आल्यावर?" मी म्हटलं होतं, मी करीन. का म्हटलं ते मला माहीत नाही. त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणत होते.

पहिल्या दिवशी मी ती पिवळी ओळ बघत बसले. हजेरीच्या चौकटीत अकरा हा आकडा टाकायचा होता. त्या महिन्यात तो अकरा दिवस कामावर आला. बाराव्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना बसला आणि उठला नाही. अकरा टाकला की बाकीचे रकाने आपोआप भरतात, एका क्षणात. ते मला सहन होईना. इतक्या लवकर ते व्हायला नको होतं. म्हणून मी कोरा कागद घेतला आणि त्याचा शेवटचा पगार हाताने काढायला लागले.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकोणीस हजार पाचशे. भागिले सव्वीस, म्हणजे दिवसाचे साडेसातशे. अकरा दिवसांचे आठ हजार दोनशे पन्नास. त्या आठवड्यात एका रात्री दुसरा ऑपरेटर आला नव्हता, तेव्हा हा सहा तास जास्त थांबला होता. दिवसाचे साडेसातशे भागिले आठ, त्र्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे. जादा तासाला दुप्पट, एकशे साडेसत्त्याऐंशी. सहा तासांचे अकराशे पंचवीस. एकूण नऊ हजार तीनशे पंचाहत्तर. त्यातून पीएफचे नऊशे नव्वद, विम्याचे एकाहत्तर, व्यवसाय कराचे एकशे पंचाहत्तर वजा. हातात आठ हजार एकशे एकोणचाळीस.

मी दोनदा बेरीज तपासली. मग तक्त्यात अकरा आणि सहा हे दोन आकडे टाकले. शेवटच्या रकान्यात आलं : आठ हजार एकशे तीस.

माझीच चूक असणार असं वाटून मी पुन्हा कागदावर मांडलं. एकोणचाळीस. तक्त्यात तीस. मधले सगळे रकाने कागदाशी जुळत होते. एकूण मिळकत तीच, कपात तीच, दोन्हींची वजाबाकीही आठ हजार एकशे एकोणचाळीसच. फक्त अगदी शेवटचा रकाना, ज्याच्यावर 'बँकेत जमा' असं लिहिलेलं असतं, त्यात तीस.

मग मी नजर वर नेली. अठ्ठावन्नाव्या ओळीत शेवटी शून्य. सत्तावन्नावीत शून्य. मी पानभर वर गेले, खाली गेले. एकशे एकोणचाळीस माणसं, आणि प्रत्येकाच्या बँकेत जाणाऱ्या रकमेचा शेवटचा आकडा शून्य.

हे मी दर महिन्याला बघत होते. नुसतं बघत नव्हते, मला ते आवडायचं. पान कसं नेटकं दिसतं असं वाटायचं. एकशे एकोणचाळीस माणसांच्या पगाराला, वेगवेगळी हजेरी, वेगवेगळे तास, वेगवेगळ्या कपाती असताना, प्रत्येक वेळी दहानेच भाग जावा हे शक्य नाही. चौथीतल्या पोराला कळलं असतं.

त्या शेवटच्या चौकटीतलं सूत्र उघडून बघितलं. ते लहानसं होतं. निव्वळ पगार घे आणि दहाच्या खालच्या पटीत उतरव. बस. वरचे एकोणचाळीसचे तीस, सत्तेचाळीसचे चाळीस. दर महिन्याला, दर माणसामागे, एक रुपयापासून नऊ रुपयांपर्यंत.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला हवं. हा तक्ता आमच्या जुन्या खजिनदारांनी बनवलेला आहे, मी नव्हे, असं आलं. आणि बरं वाटलं. त्या सत्तावीस दिवसांत पहिल्यांदाच कशाने तरी बरं वाटलं असेल.

जुने खजिनदार आता श्रीवर्धनला असतात, सुपारीच्या वाडीत. मी फोन लावला. त्यांनी आधी नवऱ्याबद्दल चार शब्द विचारले, मी उत्तरं दिली. मग मी दहाच्या पटीचं विचारलं.

"अगं, ते पाकिटांसाठी," ते म्हणाले. "रोख पगार होता ना तेव्हा. दीडशे पाकिटं भरायची, चिल्लर आणायची कुठून? बँकवाले नाणी द्यायचे न्हाईत. म्हणून वरचे रुपये मी पुढच्या महिन्यात ओढायचो."

मला आठवलं. त्या वेळी तक्त्यात आणखी दोन रकाने होते : मागची बाकी आणि पुढची बाकी. समजा एखाद्याचा निव्वळ पगार अकरा हजार आठशे सत्तेचाळीस आणि मागची बाकी सहा, तर बेरीज अकरा हजार आठशे त्रेपन्न. पाकिटात अकरा हजार आठशे पन्नास, आणि तीन रुपये पुढची बाकी. पुढच्या महिन्यात ते तीन रुपये त्याच्या पगारात मिसळायचे. पगाराच्या चिठ्ठीवर दोन्ही बाक्या छापलेल्या असायच्या. कुणाचा रुपया कधी बुडाला नाही.

"ते रकाने आता नाहीत. बँकेत पगार सुरू झाले तेव्हा काय केलंत?" मी विचारलं.

"शेवटच्या पाकिटात मी सगळ्यांच्या बाक्या मोजून दिल्या. नाण्यांसाठी देवळातल्या पुजाऱ्याला गाठला होता, आठवतं का तुला? दानपेटीतली चिल्लर घेऊन आलो. खातं शून्य केलं आणि मी रिटायर झालो." मग त्यांनी विचारलं, "ते रकाने कुणी काढून टाकले गो?"

'बघते' म्हणून मी फोन ठेवला.

रकाने मी काढले होते. आता बँकेत पैपैसा जमा करता येतो, मग बाक्या कशाला, म्हणून. पहिला बँकेतला पगार होता आणि यादी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. मी ते दोन रकाने निवडले आणि उडवले. त्याबरोबर शेवटच्या रकान्यातले सगळे आकडे गेले आणि वरपासून खालपर्यंत एकच खूण आली, जी एक्सेल सूत्रातला एखादा संदर्भ हरवला की दाखवतं. सूत्राला मागची बाकी सापडत नव्हती. घड्याळात साडेअकरा झाले होते. मी पहिल्या ओळीतलं सूत्र उघडलं, 'अधिक मागची बाकी' एवढा तुटलेला तुकडा पुसला, एंटर दाबलं. आकडा परत आला. ती चौकट धरून शेवटच्या ओळीपर्यंत ओढली. सगळे आकडे परत आले. मला हायसं वाटल्याचं आठवतं. खाली उतरवणारा भाग मी तसाच ठेवला होता, आणि तो जे रुपये बाजूला काढत होता ते परत घालणारा भाग मी पुसून टाकला होता.

त्यानंतर दर महिन्याला मागच्या तक्त्याची प्रत काढून पुढचा महिना. चौऱ्याहत्तर महिने.

मला धक्का या गोष्टीचा बसला की चूक एवढी सोपी होती. ती करताना मला भीतीसुद्धा वाटली नव्हती. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे, कारखान्यात मला 'मास्तरीण' म्हणतात, आणि माझा हिशोब कधी चुकत नाही हे माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत असलेलं एकच वाक्य होतं. माझ्या नवऱ्यालाही. मी त्याला पगाराची चिठ्ठी द्यायचे तेव्हा तो ती न उघडता पाकिटात ठेवायचा. "तू केलायस ना? मग मी काय बघू?" म्हणायचा. कॉम्प्रेसरचा दाब तो दर तासाला स्वतः वाचून लिहायचा, दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर कधी सही करायचा नाही. आणि माझ्या कागदावर त्याने कधी नजरसुद्धा टाकली नाही.

पुढचे तीन दिवस मी चौऱ्याहत्तर तक्ते एकेक करून उघडले. प्रत्येकात शेजारी एक नवा रकाना : निव्वळ पगार वजा बँकेत जमा. मग प्रत्येक माणसाची सगळ्या महिन्यांची बेरीज. पीएफ, विमा, बोनस हे सगळे आधीच्या आकड्यांवरून निघतात, त्यामुळे तिथे काही बिघडलं नव्हतं. माणशी साधारण तीनशे ते साडेतीनशे. त्याचे तीनशे अडतीस. एकूण सेहेचाळीस हजार तीनशे बारा.

चौथ्या दिवशी मी हिशेबनीसांना कागद दाखवला. ते साठीच्या जवळ आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी खातेवही उघडली आणि एक खातं काढलं : 'पगार किरकोळ फरक'.

"हे रोखीच्या वेळचं खातं," ते म्हणाले. "पूर्वी वर-खाली व्हायचं. सहा वर्षं नुसतं चढतंय. मी समजलो, तुमचं काहीतरी देणं-घेणं असेल."

"ऑडिटला कुणी विचारलं नाही?"

"ऑडिटवाले तुमच्या शेवटच्या रकान्याची बेरीज घेतात आणि बँकेतून गेलेली रक्कम घेतात. दोन्ही सारख्याच. जुळतंय म्हटल्यावर पान उलटतात." मग त्यांनी चष्मा वर केला. "माझ्याकडे सेहेचाळीस हजार तीनशे तीन आहेत. तुमचे नऊ जास्त येतात."

आम्ही दोघं थोडा वेळ ते नऊ शोधत राहिलो. मग मला कळलं. ते त्याचे नऊ होते. त्याचा शेवटचा पगार अजून कुठे नोंदलाच नव्हता. मी ते सांगितलं तेव्हा हिशेबनीसांनी वही मिटली आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले.

मॅनेजर साहेब आठवड्यातून दोनदा मुंबईहून रो-रो बोटीने येतात. त्यांना मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते हसले.

"नऊ रुपये? अहो मॅडम, मी घाबरलो होतो. सूत्र सुधारा, या महिन्यापासून बरोबर जाऊ द्या. विषय संपला."

"आणि मागचे?"

"मागचं कोण विचारतंय? माणशी तीनशे रुपयांसाठी तुम्ही शंभर-दीडशे लोकांना सांगणार की कंपनीने सहा वर्षं तुमचा पगार कापला? उद्या बोनसवर शंका घेतील, परवा ओव्हरटाइमवर. गेटवर बसतील." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्यावर आत्ताच एवढं आलंय. हे कशाला ओढवून घेताय? आणि सांगायचंच तर तक्ता त्या जुन्या खजिनदारांचा आहे ना? तसं सांगा."

त्या सुचवण्याचं मला वाईट वाटलं नाही. मलाही ते आधी सुचलंच होतं.

"रकाने मी उडवलेत," मी म्हटलं.

हिशेबनीस दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ही रक्कम पगाराच्या खर्चात त्या-त्या वर्षी धरलेलीच आहे. आपल्याकडे देणं म्हणून पडून आहे. दिली तर या वर्षीच्या नफ्यातून एक रुपया जात नाही. आणि नाही दिली, तर आता तिघांना माहीत असून नाही दिली असं होईल."

साहेबांनी माझा कागद घेऊन शेवटची बेरीज वाचली. "द्या," शेवटी म्हणाले. "पण कंपनीचं पत्र-बित्र निघणार नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. कोळंबी निवडणाऱ्या बायका तिथे डबे उघडून बसलेल्या असतात, पुरुष पलीकडच्या बाकांवर. नवरा गेल्यापासून मी तिकडे गेले नव्हते. मला बघून सगळ्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांना वाटलं मी त्याच्याबद्दल काही बोलायला आले असेन. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या तशाच, पदर हातात धरून ऐकत होत्या.

मी फळ्यावर लिहावं तसं एका बाईच्या चिठ्ठीवरून समजावलं. एवढी मिळकत, एवढी कपात, एवढे यायला हवेत, एवढे आले. हे सात रुपये तुम्हाला मिळाले नाहीत. दर महिन्याला असंच. सूत्र माझ्या हातून मोडलं. सगळे परत मिळतील.

मग निवडणीच्या टेबलाची मुकादम, माझ्या आईच्या वयाची कोळीण, जिला सगळे आत्या म्हणतात, ती म्हणाली, "आमाला वाटलं बँकच कापते. वाटलं, खातं ठेवल्याचं भाडं हाय त्यांचं."

"मला बी तेच वाटलं," दुसरी म्हणाली.

"म्हंजे तुम्हाला माहीत होतं? कमी येतात ते?" माझा आवाज चढला होता.

"मायती काय गो, दिसत व्हतं ना. चिठ्ठीवर सात, बँकेत शून्य. दर महिन्याला शून्य. इचारणार कोणाला?" आत्या म्हणाली. "तुला इचारायचं म्हंजे तुझ्यावर इस्वास न्हाय असं झालं असतं. तुझा हिशोब कदी चुकत न्हाय."

एकशे एकोणचाळीस माणसांतल्या कित्येकांना दिसलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर काढलं नव्हतं, कारण हिशोब करणारी मी होते.

"आत्या, सहा वर्सांचे वडापाव काढले बग मास्तरणीनं," पलीकडून लोडिंगचा एक माणूस ओरडला. "माझे किती झाले?"

"तुझे तीनशे बारा," मी म्हटलं. मला पाठ झाले होते.

"मग पार्टी मास्तरीणच देनार!" थोडे हसले. बायका हसल्या नाहीत. एकीने विचारलं, "आनि जादा तासांचं? ते तरी बरोबर हाय का?" दुसरीने विचारलं, "मागं माझे दोन दिवस कापलेले, ते बग ना परत." साहेब म्हणाले होते तसंच झालं. मी म्हटलं, बघते, सगळं बघते. ज्या डोळ्यांनी त्या आत्तापर्यंत माझ्याकडे बघायच्या ते डोळे आता वेगळे होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

फरकाची रक्कम वेगळी यादी करून बँकेत पाठवली. सोडून गेलेल्या एकवीस जणांची खाती शोधली. दोघांची बंद झालेली, त्यांना फोन करून नवीन खाते क्रमांक मागितले. एकाचा विश्वासच बसेना, त्याला वाटलं कुणीतरी फसवायला फोन केलाय. "तीनशे रुपये द्यायला कोन फोन करतं?" म्हणून त्याने चारदा फोन ठेवला. माझ्या नवऱ्याचे तीनशे अडतीस आणि शेवटचा पगार वारस म्हणून माझ्या खात्यात यायचे होते. त्या कागदावर सही घ्यायचं काम माझं असतं. हिशेबनीसांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला, मला समोर बसवलं आणि जिथे खूण केली होती तिथे माझी सही घेतली.

सूत्र मी पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं होतं. आता शेवटच्या रकान्यात एक, चार, नऊ, सहा असे वाटेल ते आकडे येतात. पान नेटकं दिसत नाही.

पुढच्या पगाराच्या दिवशी माझ्या खिडकीसमोर रांग लागली. यापूर्वी चिठ्ठ्या मी शिफ्टच्या मुकादमांकडे द्यायचे आणि ते त्या वाटायचे. या वेळी प्रत्येकाने स्वतः येऊन घेतली. घेतली की तिथेच उभं राहून, मोबाइलवर, माझ्या देखत वजाबाकी करायचे. काहींना जमत नव्हतं, ते शेजारच्याला सांगत होते. कुणी रागात नव्हतं. पण कुणी हसूनही बघत नव्हतं. मी प्रत्येकाला मिळकत वाचून दाखवत होते, कपात वाचून दाखवत होते.

आत्याची पाळी आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, आकडे कळतात. तिने चिठ्ठी खिडकीच्या पट्टीवर ठेवली, बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. मागे रांग थांबली होती. मी तिला सांगू शकले असते, मी सांगितलं नाही. तिचं मोजून झालं. बँकेचा मेसेज तिने मला वाचायला न देता मागच्या माणसाकडून वाचून घेतला. मग मान हलवली.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. जाताना वळून म्हणाली, "पुढच्या महिन्याला बी मोजनार हाय मी."

"मोज, आत्या," मी म्हटलं, आणि पुढची चिठ्ठी उचलली.